कारखान्यातली सुरक्षा सूचना इंग्रजीतून मराठीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न पुणे पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या सेफ्टी, एचआर आणि मेंटेनन्सच्या लोकांकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांसाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: पॉवर प्रेसच्या दुरुस्तीआधी वीज आणि हवा बंद करून कुलूप लावण्याची सूचना. इंग्रजीत तिला लॉकआउट-टॅगआउट किंवा लोटो म्हणतात. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कारखान्यांत ती मुख्यालयाकडून तयार येते आणि कुणातरी मराठी माणसाच्या टेबलावर 'जरा मराठी करून द्या' म्हणून पडते.

मूळ इंग्रजी सूचनेत नक्की काय असतं?

बहुतेकदा एवढंच: सर्व्हिसिंग फक्त ऑथराइज्ड पर्सोनेलने करावं, गार्ड काढण्यापूर्वी सर्व एनर्जी सोर्स आयसोलेट, लॉक आणि टॅग केलेत व साठलेली ऊर्जा काढून टाकली आहे याची खात्री करावी, झिरो एनर्जी तपासावी, प्रत्येकाने आपापलं लॉक लावावं, लॉक ज्याने लावलं त्यानेच काढावं, न पाळल्यास शिस्तभंगाची कारवाई, प्रसंगी नोकरी जाईल. इंग्रजीत ही साताठ ओळींची चौकट असते आणि ज्याने लोटोचं प्रशिक्षण घेतलंय त्याला ती पुरते. कारण ती त्याला फक्त आठवण करून देते.

आपल्या फ्लोअरवर ती वाचणाऱ्यांत डाय सेटर असतो, ऑपरेटर असतो, ठेकेदाराकडून गेल्या सोमवारी आलेला हेल्परही असतो. मराठी सूचनेने त्या हेल्परला तरी एवढं कळवायला हवं, की या मशीनला आता कुणी हात लावायचा नाही आणि का नाही.

शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं तर बिघडतं काय?

दोन प्रकारे बिघडतं. पहिला प्रकार कार्यालयीन: 'अधिकृत कर्मचाऱ्यांनी ऊर्जास्रोतांचे विलगीकरण व कुलूपबंदी करून संचयित ऊर्जेचे उत्सर्जन सुनिश्चित करावे.' व्याकरण ठीक आहे, पण 2020 नंतर विलगीकरण म्हटलं की माणसांना कोरोनातली खोली आठवते. आणि कुणी उत्साहाने लॉकआउटला 'टाळेबंदी' लिहिलंच, तर प्रश्न आणखी गंभीर. कारखान्यातल्या माणसासाठी टाळेबंदी म्हणजे मालकाने गेट बंद करणं. औद्योगिक वादात हाच शब्द वापरतात. बोर्डावर 'टाळेबंदी प्रक्रिया' दिसली की दुपारच्या सुट्टीपर्यंत युनियनच्या माणसाचा फोन वाजलेला असेल.

दुसरा प्रकार उलटा: इंग्रजी शब्द तसेच ठेवून शेवटी फक्त 'करावे' चिकटवायचं. 'सर्व एनर्जी सोर्स आयसोलेट व लॉक केल्याची व्हेरिफिकेशन करावी.' हे मराठी दिसतं, पण ज्याला इंग्रजी येतं त्यालाच कळतं. म्हणजे ज्याला गरज नव्हती त्याच्यासाठी आपण ते लिहिलं.

मधला मार्ग म्हणजे फ्लोअरवर खरोखर बोलला जाणारा शब्द घेणं. मेन स्विच, गार्ड, फ्लायव्हील, रॅम, डाय, एअर व्हॉल्व्ह, सेन्सर, बायपास हे सगळे शब्द आता मराठीच आहेत. त्यांना पर्याय शोधू नका. रॅमला 'आघातदंड' लिहिलेला कुणी वाचणार नाही. लॉकच्या बाबतीत मात्र मी 'कुलूप' लिहितो. प्रेस शॉपमध्ये डाय लॉक असतो, पॅनेल लॉक असतो, मोबाइलही लॉक होतो. कुलूप म्हटलं की हातात घ्यायची एकच वस्तू डोळ्यांसमोर येते.

'करा' लिहायचं, 'करावे' की 'करण्यात यावे'?

या प्रश्नावर मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो वाया जात नाही. 'करण्यात यावे' यात करणारा माणूसच दिसत नाही. 'कुलूप लावण्यात यावे' हे वाचून प्रत्येकाला वाटतं की ते दुसरं कुणीतरी लावणार आहे. या सूचनेत तर सगळा भर कुणी काय करायचं यावरच आहे, म्हणून हे रूप इथे धोक्याचं आहे.

'करावे' जरा बरं, पण ते कधी हुकुमासारखं वाजतं, कधी सल्ल्यासारखं. इंग्रजीतलं 'शाल' आणि 'शुड' हे दोन्ही त्यात एकाच पोत्यात जातात. मूळ सूचनेत काही गोष्टी सक्तीच्या असतात, काही शिफारशीच्या. मराठीत हा फरक पुसला गेला तर सेफ्टीचा माणूस नंतर कुणाला काही विचारू शकत नाही.

'करा' आणि 'करू नका' साधे, थेट आणि आदराचे आहेत. त्यांच्यामागे 'तुम्ही' असतं. ज्या पायरीला फाटा फुटूच नये तिथे 'लावलंच पाहिजे' असं एकदाच लिहा. प्रत्येक ओळीत 'च' घातला की तो कुणी ऐकत नाही.

मग आदरासाठी 'आपण' नको का? 'तुम्ही' जरा उघडं वाटतं.

नको. एरवी 'आपण' गोड शब्द आहे, पण त्याचे दोन अर्थ आहेत: समोरच्याला आदराने 'तुम्ही', आणि 'तू-मी मिळून सगळे'. 'आपण आपले कुलूप लावावे' ही ओळ घ्या. सगळ्यांनी मिळून एक कुलूप लावायचं, की ज्याने-त्याने आपापलं? चार फिटर एका प्रेसवर असतील तर चार कुलपं हवीत. एकच कुलूप लागलं आणि त्याचा मालक जेवायला जाताना ते काढून गेला, तर आत हात घातलेले तिघे उघड्यावर. म्हणून 'प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावा' असं लिहायचं, आणि 'आपले' हा शब्द त्या सूचनेत कुठेच ठेवायचा नाही.

आदर शब्दांपेक्षा इतर गोष्टींतून जास्त कळतो. कारण सांगणं हा आदर आहे. ज्याचं नाव-हुद्दा द्यायला हवा तो देणं हा आदर आहे. सूचनेच्या डोक्यावर लाल अक्षरांत 'नोकरीवरून काढण्यात येईल' लिहिलं आणि खाली 'कृपया' घातलं, तर कृपया कुणाला दिसत नाही. धोक्याच्या पायरीवर 'कृपया' घालूही नका. 'कृपया डायमध्ये हात घालू नका' हे विनंतीसारखं वाजतं आणि विनंती नाकारता येते.

शिस्तभंगाची ओळ काढून टाकली तर चालेल?

तुमच्या अधिकारात नसेल तर काढू नका. ती ठेवण्यामागे कंपनीचं कायदेशीर कारण असतं. जागा बदला. शेवटी, साध्या अक्षरांत: 'हा नियम मोडल्यास कंपनीच्या स्थायी आदेशांप्रमाणे कारवाई होईल.' स्थायी आदेश हा शब्द कामगारांना ठाऊक असतो, कारण त्यांच्या नोकरीच्या अटी त्यातच असतात. कारवाई किती मोठी होऊ शकते, हे मूळ सूचनेत असेल तर तेही एका वाक्यात लिहा. गाळलं तर सौम्यपणाच्या नावाखाली माहिती लपवली असं होईल.

'साठलेली ऊर्जा' हे फ्लोअरवर कसं सांगायचं?

ती कुठे साठलेली आहे ते सांगून. इथे भाषांतर करणाऱ्याने मेंटेनन्सवाल्याला घेऊन एकदा प्रेसजवळ उभं राहायला हवं, कारण हे डिक्शनरीत मिळत नाही. आपल्या उदाहरणातली प्रेस मेकॅनिकल आहे, एअर क्लचची. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील काही मिनिटं फिरतच राहतं. त्या वेळात कुठल्याही कारणाने क्लच लागला, तर रॅम खाली येऊ शकतो आणि त्यासाठी मोटर चालू असण्याची गरज नसते. दुसरं ठिकाण म्हणजे हवा: क्लचच्या लाईनमध्ये आणि रॅम तोलून धरणाऱ्या सिलिंडरमध्ये दाब असतो. तिसरं म्हणजे रॅमचं स्वतःचं वजन. वरच्या टोकाला उभा असलेला रॅम फक्त ब्रेकवर आणि त्या सिलिंडरमधल्या हवेवर टेकलेला असतो, म्हणून त्याखाली सेफ्टी ब्लॉक लागतो.

'साठलेली ऊर्जा काढून टाका' या एका वाक्यात हे तिन्ही दडलेले आहेत, आणि नवीन माणसाला त्यातलं एकही दिसत नाही. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, रॅमखाली ब्लॉक लावा, हवा सोडा असं तीन वाक्यांत लिहा. मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा लांब होईल, होऊ द्या. मुख्यालयाकडून 'चौकट तेवढीच ठेवा' अशी सूचना आली तर चौकट मोठी करून घ्या किंवा दुसरा बोर्ड लावा. पायऱ्या कापू नका.

हायड्रॉलिक प्रेस असेल तर चित्र वेगळं: तिथे तेलाचा दाब आणि अक्युम्युलेटर बघावा लागतो, फ्लायव्हीलची ओळ निरर्थक ठरते. एका मशीनची सूचना दुसऱ्यावर चिकटवायची नाही.

इंग्रजीतले 'प्रायर टू' आणि 'अनलेस' वाले लांब वाक्य कसं फोडायचं?

ज्या क्रमाने हात चालतात त्याच क्रमाने लिहा. इंग्रजी वाक्य शेवटचं काम आधी सांगू शकतं: गार्ड काढण्यापूर्वी हे, त्याच्या आधी ते. माणूस बोर्डासमोर उभा राहून पहिला शब्द 'गार्ड काढण्या...' वाचतो आणि हात तिकडे जातो. त्यापेक्षा गार्ड ही शेवटची पायरी करा.

मनाईसाठी 'जोपर्यंत नाही तोपर्यंत नाही' हे दोन नकार टाळा. मराठीत त्यासाठी छान सोय आहे: 'कुलूप लागल्याशिवाय गार्ड काढू नका.' एका दमात वाचता येतं.

'खात्री करा' हेही जपून वापरा. खात्री ही मनात होते, बाहेरून दिसत नाही. काय करायचं ते लिहा: प्रेशर गेजचा काटा शून्यावर आला का बघा, हिरवं स्टार्ट बटण दाबून बघा. बटणाच्या पायरीत एक बारकावा आहे. ही तपासणी कुलपं लागून, माणसं बाजूला झाल्यावर करायची, आणि दाबून झालं की सिलेक्टर पुन्हा बंदवर आणायचा. तसा न आणला तर कुलूप काढून मेन स्विच लावल्यावर मशीन न सांगता चालू होऊ शकतं. ही दुसरी अर्धी ओळ भाषांतरात फार वेळा गळते.

पूर्ण तयार झालेली सूचना कशी दिसेल?

आपल्या उदाहरणातल्या प्रेससाठी अशी. पायऱ्यांचा क्रम प्रेसप्रमाणे बदलतो. तुमच्या प्रेसचा क्रम मशीनच्या मॅन्युअलमधून आणि मेंटेनन्सप्रमुखांकडून घ्या.

> धोका
> ही प्रेस अचानक चालू झाल्यास हात तुटू शकतो, जीव जाऊ शकतो.
>
> दुरुस्ती किंवा सफाईसाठी गार्ड काढायचे काम फक्त लोटो कार्ड असलेले फिटर, इलेक्ट्रिशियन आणि डाय सेटर करतील. तुमच्याकडे कार्ड नसेल तर सुपरवायझरना बोलवा.
>
> 1. प्रेसच्या ऑपरेटरला आणि शिफ्ट सुपरवायझरना सांगा.
> 2. रॅम वर थांबवा. मोटर बंद करा.
> 3. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या. मोटर बंद झाली तरी ते फिरत असते.
> 4. मेन स्विच बंद करा. काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यावर स्वतःचे कुलूप आणि नावाचा टॅग लावलाच पाहिजे.
> 5. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा. ब्लॉक हँडलला धरा, हात डायमध्ये नको.
> 6. हवेचा मेन व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावा. आत राहिलेली हवा सोडा. गेजचा काटा शून्यावर आला का बघा.
> 7. सगळे बाजूला झाल्यावर स्टार्ट बटण दाबून बघा. प्रेस चालू होता कामा नये. सिलेक्टर पुन्हा बंदवर आणा.
> 8. आता गार्ड काढा.
>
> दुसऱ्याचे कुलूप काढू नका. त्या कुलपाच्या मागे कुणाचा तरी हात प्रेसमध्ये असू शकतो.
>
> शंका आली तर काम थांबवा आणि विचारा. थांबल्याबद्दल कुणी बोलणार नाही.
>
> हा नियम मोडल्यास कंपनीच्या स्थायी आदेशांप्रमाणे कारवाई होईल. प्रसंगी नोकरी जाऊ शकते.

'थांबल्याबद्दल कुणी बोलणार नाही' ही ओळ व्यवस्थापनाने मान्य केली असेल तरच लिहा. सुपरवायझर प्रॉडक्शनसाठी ओरडत असेल आणि बोर्ड हे सांगत असेल, तर पुढच्या सगळ्या बोर्डांची किंमत जाते.

'धोका', 'इशारा', 'सावधान', कुठे कोणता?

इंग्रजी सूचनांमध्ये डेंजर, वॉर्निंग आणि कॉशन हे तीन वेगळे दर्जे आहेत. डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंग म्हणजे तसं होऊ शकतं. कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. मराठीत 'धोका', 'इशारा', 'सावधान' हे त्याच क्रमाने घ्या आणि संपूर्ण कारखान्यात तेच ठेवा. एका बोर्डावर 'सावधान', शेजारच्यावर त्याच धोक्याला 'खबरदार', असं झालं की दर्जा उरत नाही, नुसता आवाज उरतो.

'केलं' लिहायचं की 'केले'?

बोर्डावर 'केले'. बोलताना आपण 'केलं' म्हणतो, पण पुण्याचा, विदर्भाचा आणि कोकणातला माणूस तिघंही छापील 'केले' सहज वाचतात, आणि छपाईत अनुस्वाराचा टिंब उडतो तो त्रासही वाचतो. टूलबॉक्स टॉकमध्ये तीच सूचना बोलून दाखवताना 'केलं'च म्हणा. तिथे छापील मराठी बोललात तर सरकारी जाहिरात लागली असं वाटेल.

फक्त मराठी पुरेल का?

कायद्याची अपेक्षा इंग्रजी आणि बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा अशी राहिली आहे; 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 108 मध्ये नोटिसांबद्दल तसंच लिहिलं होतं. पण प्रेसला बहुसंख्य-अल्पसंख्य कळत नाही. चाकण, रांजणगावच्या शॉपमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुलं कंत्राटावर असतातच. त्यांच्यासाठी शेजारी स्वतंत्र हिंदी बोर्ड लावा. दोन्ही भाषा एका वाक्यात मिसळलेली 'सगळ्यांना समजेल' अशी भाषा करू नका. लिपी एक असल्यामुळे मराठी माणूस हिंदी पायरी वाचतो आणि हिंदी माणूस मराठी, आणि अर्धा अर्थ घेऊन दोघं पुढे जातात. दोन्ही बोर्डांवर पायऱ्यांचे क्रमांक मात्र जुळले पाहिजेत.

छापायला दिल्यावर काय तपासायचं?

इंग्रजीत महत्त्वाचं ते मोठ्या अक्षरांत लिहितात. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. जोर द्यायचा तर ठळक किंवा मोठा टाइप वापरा, तिरपा टाळा. फार ठळक फाँटमध्ये मात्रा आणि जोडाक्षरांतल्या फटी बुजतात. प्रेस शॉपमध्ये तेलाचा थर बसल्यावर तर 'नका' आणि 'करा' लांबून सारखेच दिसू लागतात, म्हणून मनाईच्या ओळींजवळ लाल गोल-तिरप्या रेघेचं चिन्ह द्या. फाईल युनिकोडमध्ये पाठवा आणि सोबत पीडीएफही. बोर्ड बनवणाऱ्याकडे जुना फाँट असेल तर जोडाक्षरं तुटतात, आणि त्याला मराठी वाचता येत नसेल तर त्याला ते कळतही नाही. बोर्ड लागण्याआधी छापील नमुना स्वतः डोळ्यांनी वाचायचा.

सूचना समजली की नाही हे कसं ओळखायचं?

'समजलं ना?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. रात्रपाळीतला एक हेल्पर आणि एक जुना डाय सेटर निवडा. बोर्डाजवळ उभं करून म्हणा, 'दादा, मी नवीन आहे, हे वाचून मला काय करायचं ते दाखवा.' आणि गप्प बसा. तो कुठे थांबतो, कुठे पुन्हा वर जाऊन वाचतो, त्या ओळी खराब आहेत. जुना डाय सेटर बोर्ड न वाचताच सगळं करून दाखवेल आणि एक पायरी सवयीने गाळेल. ती कोणती गाळली ते लिहून घ्या, कारण त्या पायरीचं कारण बोर्डावर द्यावं लागणार आहे. मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून मुख्यालयाला पाठवायची पद्धत आहे. तिने मजकूर गळला का ते कळतं, माणसाला कळलं का ते कळत नाही.

कुलूप लावून फिटर घरी गेला तर? मूळ सूचनेत याबद्दल काहीच नाही.

फ्लोअरवर पहिला प्रश्न हाच येतो, आणि उत्तर मिळालं नाही तर कटर येतो. मुख्यालयाच्या लोटो नियमावलीत हा भाग बहुधा वेगळ्या पानावर असतो. तो मागवून घ्या आणि बोर्डाखाली जोडा. सर्वसाधारण पद्धत अशी: तो माणूस खरोखर कारखान्यात नाही हे सुपरवायझर तपासतात, गेटवरची नोंद बघतात, त्याला फोन लावतात, प्रेसमध्ये कुणी नाही हे स्वतः बघतात, मग नेमलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने कुलूप काढतात. आणि तो माणूस परत कामाला लागायच्या आधी त्याला तोंडी सांगतात, की तुझं कुलूप काढलंय. ही शेवटची पायरी बोर्डावर लिहाच, कारण त्याच्या डोक्यात प्रेस अजून बंद असते.